गवताच्या छपराच्या कॉटेजचं थ्रीडी चित्र: सुतारालाही पटलं पाहिजे!

भंडारदऱ्याला काजवे बघायला मे-जूनमध्ये गर्दी होते, हे आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे अकोले तालुक्यात इको कॉटेज बांधायची इच्छा असलेले बरेच जण माझ्याकडे येतात आणि "आधी एक भारी रेंडर करून द्या" म्हणतात. मीही सुरुवातीला दिसायला भारी रेंडर करून द्यायचो. मग एका गिऱ्हाईकाचा सुतार चित्र बघून म्हणाला, "दादा, हे छप्पर टेकलंय कशावर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते चित्र दाखवून गिऱ्हाईकाने बुकिंगचे पैसेही घेतले होते. तेव्हापासून मी आधी बांधकाम ठरवतो, चित्र नंतर काढतो. कसं, ते एका कॉटेजवर बघू.

समजा खोली 12 फूट रुंद आणि 16 फूट लांब आहे. आढं 16 फुटांच्या बाजूने जातं. गवताचं छप्पर पाणी अडवत नाही, ते पाणी घसरवतं. म्हणून उतार साधारण 45 अंशांचा हवा. कमी उतार दिला तर पाणी गवतात मुरतं आणि छप्पर कुजतं. 45 अंशांत हिशोब सोपा आहे: जितकं आडवं, तितकं उभं. खोलीची अर्धी रुंदी 6 फूट, म्हणून आढं भिंतीच्या माथ्यापासून 6 फूट वर येईल.

आता वळचण. अकोल्याच्या पश्चिमेला धो-धो पाऊस पडतो, त्यामुळे कुडाची भिंत वाचवायला वळचण 3 फूट तरी बाहेर हवी. पण 3 फूट बाहेर गेली की ती 3 फूट खालीही येते! भिंत 8 फूट असेल तर वळचणीची कड जमिनीपासून फक्त 5 फुटांवर येते आणि पाहुण्याचं डोकं आपटतं. बहुतेक रेंडरमध्ये इथेच गडबड होते. चित्र काढणारा वळचण खोल दाखवतो आणि कड उंच ठेवण्यासाठी उतार गुपचूप कमी करतो.

यावर उपाय असा: भिंत 9 फूट करा आणि दगडी जोतं दीड फूट घ्या. मग कड बाहेरच्या जमिनीपासून साडेसात फुटांवर येते. दारही लांब बाजूला न देता आढ्याच्या टोकाच्या, म्हणजे त्रिकोणी भिंतीत द्या. तिथे छप्पर खाली येत नाही. वाशाची लांबी आढ्यापासून कडेपर्यंत पावणेतेरा फुटांच्या आसपास होते, म्हणजे एका सरळ बांबूत काम भागतं. फक्त ही 3 फुटांची वळचण हवेत लोंबकळती ठेवू नका. ओलं गवत जड होतं आणि वासे वाकतात. भिंतीपासून तिरका टेकू दाखवा, किंवा व्हरांड्याचे खांब देऊन त्यावर आडवा बांबू दाखवा. खांब दगडावर उभा दाखवा, कारण मातीत गाडलेला बांबू कुजतो.

सांगाडा पक्का झाला की मग टेक्श्चर. लोक गवताचा फोटो सपाट पाखावर चिकटवतात आणि छप्पर रंगवलेल्या पत्र्यासारखं दिसतं. छपराला 8 ते 10 इंच जाडी द्या. वळचणीच्या कडेला गवताची कापलेली टोकं दिसू द्या. काड्यांची दिशा आढ्याकडून खाली हवी, कारण पाणी त्याच दिशेने वाहतं. दोन्ही पाखांवर ही दिशा तपासा, बऱ्याचदा एकावर ती आडवी झालेली असते. काडी बोटाएवढी जाड दिसत असेल तर टेक्श्चरचं माप चुकलंय. बांबू मात्र पाइपसारखा एकसारखा दाखवू नका. बुडाला जाड, शेंड्याला बारीक, मधे गाठी, आणि जोडावर काथ्याची दोरी.

शेवटची तपासणी सावलीची. स्केचअपमध्ये ठिकाण भंडारदरा आणि वेळ मे महिन्यातली दुपार ठेवा. त्या वेळी सूर्य आपल्याकडे जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणजे वळचणीखालची भिंत जवळपास पूर्ण सावलीत यायला हवी. ती उन्हात चमकत असेल तर वळचण नुसती दिसायला आहे किंवा प्रकाश खोटा आहे.

आणि एक गोष्ट गिऱ्हाईकाला आधीच सांगा. नवं गवत सोनेरी असतं, पण एका पावसाळ्यानंतर ते करडं पडतं आणि काही वर्षांनी पुन्हा शाकारावं लागतं. मी आता दोन रेंडर देतो, एक नव्या छपराचं आणि एक पावसाळ्यानंतरचं. सोनेरी चित्र बघून बुकिंग केलेला पाहुणा करड्या छपराखाली उतरला की वाद होतो, आणि तो वाद कॉटेजच्या मालकाला निस्तरावा लागतो.

पुढचं रेंडर गिऱ्हाईकाला पाठवण्याआधी एकदा सुताराला दाखवा. त्याने "टेकलंय कशावर?" विचारलं नाही, तर चित्र पाठवायला हरकत नाही.