धुणं सहाशेत, इस्त्री बाराशेत

वॉशिंग मशीन घ्यायला गेलेला माणूस आधी स्टिकरवरचे तारे मोजतो. वीज किती खाईल, ही त्याची पहिली धास्ती. त्याच घरातून दर दोन दिवसांनी इस्त्रीवाल्याकडे कपड्यांचा गठ्ठा जातो, आल्यावर शंभर-दीडशे रुपये हातावर ठेवले जातात, आणि ते कुठे लिहूनही ठेवले जात नाहीत. महिन्याचा हिशेब मांडला की कळतं, मशीनची वीज हा या खर्चातला सगळ्यात किरकोळ आकडा आहे.

उदाहरणादाखल पुण्यातलं एक चौघांचं घर घेऊ. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगा आणि मुलगी शाळेत. सात किलोचं टॉप लोड मशीन आहे. आठवड्याला पाच वेळा लागतं, म्हणजे महिन्याला साधारण २२ वेळा. पुढचे दर मी हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतले दर त्या जागी घालून बघा, आकडे हलतील, पण क्रम बहुधा हलणार नाही.

थंड पाण्यात एकदा मशीन लावलं तर मोटर चालवायला ०.२ युनिट धरायला हरकत नाही. महिन्याचे झाले ४.४ युनिट. सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरले तरी ५३ रुपये. एका वेळच्या चहा-वड्याचे पैसे! पावडर महिन्याला दीड किलो, तिचे २२५. कॉलर-कफला लावायचा साबण, नीळ वगैरे धरून आणखी ५५. मशीन वीस हजारांचं आणि दहा वर्षं टिकणारं धरलं तर महिन्याला १६७ रुपये झीज. दुरुस्ती, पाइप, गाळणी यांसाठी १०० बाजूला ठेवू. बेरीज सहाशे. म्हणजे एका धुण्याला २७ रुपये, आणि त्यात वीस-बावीस कपडे असतील तर कपड्याला सव्वा रुपया.

विजेचा आकडा वाढतो तो पाणी तापवल्याने. हीटर असलेल्या फ्रंट लोडमध्ये ६० अंशांचं बटण दाबलं, तर सुमारे १५ लिटर पाणी २५ अंशांवरून तिथवर न्यायला ०.६ युनिट लागतं. प्रत्येक धुणं असं काढलं तर ५३ रुपयांचे दोनशेच्या वर जातात. चादरी, टॉवेल, आजारी माणसाचे कपडे यांना गरम पाणी द्यावं. ऑफिसच्या शर्टाला नुसत्या घामासाठी त्याची गरज नसते.

खरी उधळपट्टी पावडरीत होते. फेस जास्त म्हणजे कपडे स्वच्छ, हा समज बादलीच्या जमान्यातून आलेला. जास्तीची पावडर खळबळून निघत नाही, कपड्यातच राहते. ओळखायचं कसं? धुऊन वाळलेला टॉवेल साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून हाताने चोळा. पाण्यावर फेस आला, तर पावडर जास्त पडते आहे. टॉवेल पापडासारखा कडक होत असेल तर दोन कारणं संभवतात: एक ही पावडर, दुसरं बोअरचं जड पाणी. जड पाण्यात मात्र पावडर खरोखरच थोडी जास्त लागते, म्हणून बोअरवर असलेल्यांनी शेजारच्या सोसायटीचं माप उचलू नये.

पाण्याचा आकडा मी मुद्दाम वर धरला नाही, कारण तो मेन्टेनन्समध्ये विरघळून जातो आणि घराला दिसत नाही. टॉप लोड एका धुण्याला शंभर लिटर घेतं असं धरलं, तर महिन्याला २,२०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर बाराशेला येत असेल तर या पाण्याचे २६४ रुपये होतात, विजेच्या पाचपट. पालिकेचं पाणी चोवीस तास येतं त्या घराने हे विसरावं. उन्हाळाभर टँकरवर जगणाऱ्या उपनगरातल्या घराने मात्र तारे मोजण्यापेक्षा मशीन पाणी किती पितं हे विचारावं. फ्रंट लोड महाग पडतं, पण साधारण निम्म्या पाण्यात भागवतं.

आता इस्त्री. दोन मुलांचा गणवेश, वर-खाली मिळून रोज चार नग, शाळेचे दिवस २२, म्हणजे ८८ नग. बाबांचे शर्ट २२, पँटी दोनदा घालून १०. आईचे कुर्ते २२. ओढण्या, एखादा झब्बा, पाहुण्यांसाठीची चादर, असे आठ. एकूण १५०. नगाला आठ रुपये धरले तर बाराशे. साड्यांचा दर वेगळा असतो, तो यात नाही. धुण्याच्या दुप्पट पैसे नुसत्या घडीला!

हीच इस्त्री घरी केली तर? हजार वॉटची इस्त्री सतत वीज ओढत नाही. तापली की थर्मोस्टॅट बंद करतो, निवली की सुरू करतो. तासाला ०.६ युनिट धरू. सवय नसलेल्या हाताला एका नगाला चार मिनिटं लागतात, म्हणजे दीडशे नगांना दहा तास, सहा युनिट, ७२ रुपये. वाचले अकराशे अठ्ठावीस, तासाला ११३ रुपये. तेव्हा इस्त्रीवाल्याच्या आठ रुपयांत विजेचे पैसे जेमतेम अर्धा रुपया भरतात, बाकी सगळे त्याच्या उभं राहण्याचे आहेत. रविवारचे दोन-अडीच तास ११३ रुपये तासाने विकायचे की नाहीत, हे ज्याच्या हातात इस्त्री येणार त्याने ठरवावं. घरात ते सहसा त्याला विचारलं जात नाही, तिला गृहीत धरलं जातं.

मला त्याहून सोपी वाट दिसते ती नग कमी करण्याची. पीटीचा गणवेश आठवड्यातून दोन दिवस असेल, तर महिन्याचे नऊ दिवस, दोन मुलं, टी-शर्ट आणि ट्रॅक पँट, असे ३६ नग होतात. त्यांना इस्त्री लागतच नाही. उरलेल्या १३ दिवसांची मुलाची हाफपँट टेरिकॉटची असते. मशीन थांबल्याबरोबर काढून, जोरात झटकून, कमरेला चिमटे लावून वाळत टाकली तर तीही तशीच चालते. हे ४९ नग गठ्ठ्यातून गेले की जवळजवळ चारशे रुपये वाचतात. यातली मेख ‘मशीन थांबल्याबरोबर’ या शब्दांत आहे. पिळून घट्ट झालेले कपडे ड्रममध्ये तासभर पडले, की सुरकुत्या बसतात आणि त्या झटकून जात नाहीत.

इस्त्रीवाल्याकडे काय देऊ नये, हेही सांगायला हवं. डाग असलेला कपडा देऊ नये. तेलाचा किंवा सरबताचा पुसट डाग इस्त्रीच्या उष्णतेने पक्का होतो. साखरेचा तर आधी दिसतही नाही आणि इस्त्रीनंतर पिवळा होऊन वर येतो. गडद रंगाच्या टेरिकॉट-व्हिस्कोस पँटीवर गुडघ्याशी आणि शिवणीवर चकाकी आली असेल, तर ती थेट गरम इस्त्री फिरल्याची खूण. अशी पँट उलटी करून किंवा वर ओलसर सुती फडकं टाकून करायला सांगावी. पावसाळ्यात दमट कपडेही देऊ नयेत. घडीत राहिलेली ओल कपाटात वास धरते.

तिसरा खर्च ड्रायक्लीनिंगचा. हा रोज दिसत नाही, लग्नसराईनंतर एकदम समोर येतो, म्हणून त्याचा हिशेब वर्षाचा मांडावा. याच घरात वर्षाला सहा रेशमी साड्या, साडीला ३०० प्रमाणे १,८००. सूट दोनदा, ४५० प्रमाणे ९००. दोन ब्लँकेटं ८००. मुलांचे सणाचे कपडे चार, २५० प्रमाणे हजार. एकूण साडेचार हजार, महिन्याला ३७५.

पण ऑफिसला घालायचे दोन-चार कुर्ते किंवा जॅकेट ‘फक्त ड्रायक्लीन’ लेबलाचे निघाले, आणि महिन्याला चार नग १८० रुपयांनी जाऊ लागले, तर त्यावर ७२० चढतात. ही लेबलं दुकानातच वाचावीत. वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन, पाण्याचं टब म्हणजे धुता येईल, टबात हात म्हणजे हाताने धुवा, टबावर फुली म्हणजे पाणी लावू नका. रोज घामात भिजणाऱ्या कपड्याला टबावर फुली असेल, तर त्याची किंमत किंमतपट्टीवर लिहिली आहे त्याच्या दुप्पट समजावी.

ड्रायक्लीनमध्ये पाण्याऐवजी द्रावक वापरतात: पर्क्लोरोइथिलीन, किंवा लहान दुकानांत ज्याला पेट्रोल वॉश म्हणतात ते पेट्रोलियम द्रावक. ही द्रावकं तूप, तेल, मेकअप सहज काढतात. घाम, सरबत, चहा हे पाण्यात विरघळणारे डाग मात्र त्यांना दाद देत नाहीत. त्यांच्यावर आधी वेगळा हात फिरवावा लागतो. म्हणून देताना ‘साडी आहे’ एवढंच न सांगता डाग कुठे आणि कशाचा, हे बोट ठेवून दाखवावं आणि पावतीवर लिहून घ्यावं. पैठणीसारखी जरीची साडी दोन तास नेसून लगेच टाकायचंही कारण नाही. घाम लागतो तो ब्लाउजला. साडी सावलीत वाऱ्यावर टाकून, जर आत राहील अशी सुती कापडात गुंडाळली, तर तीन-चार नेसणी सहज निघतात.

कपडा घरी आणल्यावर दोन गोष्टी बघाव्यात. साडीचा फॉल आखडून कडेला चुण्या पडल्या असतील, किंवा कोटाचं अस्तर आखडलं असेल, तर त्याला ड्रायक्लीनच्या नावाखाली पाणी लागल्याची शंका घ्यायला जागा आहे. द्रावकाचा उग्र वास येत असेल तर कपडा पुरता वाळलेला नाही. प्लॅस्टिकचं कव्हर काढून दिवसभर उघड्यावर टांगावा आणि मगच कपाटात ठेवावा. कव्हर तर तसंही काढावंच.

सगळं मिळून या घराचे महिन्याला २,१७५ रुपये होतात, टँकरचं पाणी असेल तर २,४४० च्या आसपास. यातले निम्मे इस्त्रीचे.

किलोवर कपडे धुऊन, घडी घालून देणारी दुकानं आता बऱ्याच शहरांत आहेत. एका धुण्यात साडेचार किलो धरले तर या घराचे महिन्याला ९९ किलो कपडे होतात. ७० रुपये किलोने ६,९३०. जिथे घरचं धुणं सहाशेत होतं तिथे हा व्यवहार बसत नाही. पण पेइंग गेस्ट म्हणून राहणाऱ्या, महिन्याला १२ किलो कपडे निघणाऱ्या मुलाला तेच ८४० पडतात, आणि त्याला ना मशीन घ्यायचं असतं, ना खोली बदलताना ते तीन मजले उतरवायचं असतं. त्याने तिथे खुशाल द्यावेत. फक्त नवा लाल टी-शर्ट वेगळ्या पिशवीत.