फोनच्या नोंदींतून थांबा कसा ओळखतात

फोनमधली लोकेशन हिस्टरी बाहेर काढली की हाती येते ती फक्त बिंदूंची यादी. अमुक वेळी फोन अमुक अक्षांश-रेखांशावर होता, एवढेच तिच्यात लिहिलेले असते. माणूस दवाखान्यात पाऊण तास बसला होता की रस्त्यावर सिग्नलला अडकला होता, हे त्या यादीत कुठेच नसते. ते बिंदूंच्या मांडणीवरून आणि त्यांच्यातल्या वेळेवरून ठरवावे लागते. हा हिशेब अवघड नाही, पण तो चुकला तर तासच्या तास इकडचे तिकडे होतात.

गुगलच्या टेकआउट सेवेतून पूर्वी मिळणारी `Records.json` ही फाइल अशा नोंदींचा चांगला नमुना आहे. 2024 पासून टाइमलाइनचा साठा गुगलच्या सर्व्हरवरून फोनमध्ये हलवला गेला आणि आता अँड्रॉइड फोनमधूनच `Timeline.json` काढता येते. तिची रचना वेगळी आहे. जुन्या फाइलमधली एक नोंद साधारण अशी दिसते:

```
{
  "latitudeE7": 185136120,
  "longitudeE7": 738553470,
  "accuracy": 14,
  "source": "WIFI",
  "timestamp": "2023-02-11T04:44:00.000Z"
}
```

पहिल्या दोन आकड्यांना एक कोटीने भागले की अक्षांश 18.513612 आणि रेखांश 73.855347 मिळतात. ही पुण्याच्या मध्यवस्तीतली जागा. सातव्या दशांश स्थानातला एकाचा फरक जमिनीवर सेंटिमीटरभराचा असतो. त्यावरून फोनला आपली जागा सेंटिमीटरपर्यंत कळते असा समज होतो आणि तो चुकीचा आहे. खरी गोष्ट `accuracy` सांगते. हा आकडा मीटरमध्ये असतो आणि तो जितका मोठा तितकी नोंद कच्ची. अँड्रॉइडमध्ये 14 चा अर्थ असा की फोन त्या बिंदूभोवतीच्या 14 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असण्याची शक्यता सुमारे 68 टक्के आहे. म्हणजे तीनांतली जवळपास एक नोंद त्या वर्तुळाच्या बाहेरची असणारच. मोकळ्या आभाळाखाली उपग्रहांकडून मिळालेली जागा काही मीटरपर्यंत बरोबर येते. इमारतीत फोन आजूबाजूच्या वायफायवर भिसतो आणि तेही नसेल तर मोबाइल टॉवरवर. टॉवरवरून काढलेली जागा किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त चुकू शकते.

वेळेच्या शेवटी असलेल्या `Z` चा अर्थ ती वेळ ग्रीनिचची आहे. भारतीय वेळेसाठी तिच्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणून 04:44 म्हणजे सकाळचे 10 वाजून 14 मिनिटे. हे करायचे राहिले आणि फाइलमधल्या तारखेनेच दिवस पाडले, तर प्रत्येक दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. पहाटे पाचला घरातून निघालेल्या माणसाचे निघणे मग आदल्या दिवशीच्या खात्यावर जाते.

आता थांबा म्हणजे काय ते ठरवायचे. रामस्वामी हरिहरन आणि केंटारो तोयामा यांनी 2004 मध्ये लोकेशन हिस्टरीवरच्या एका निबंधात यासाठी दोन मर्यादा वापरल्या: माणूस किती अंतराच्या आत फिरत राहिला आणि निदान किती वेळ. बीजिंगमधल्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधन केंद्राने जिओलाइफ प्रकल्पात हीच कल्पना पुढे नेली. तिथल्या 2009 च्या कामात 200 मीटरच्या आत 20 मिनिटांहून जास्त वेळ गेला तर तो थांबा मानला होता. आजही बहुतेक पद्धती या कल्पनेवरच उभ्या आहेत.

कृती अशी. पहिला बिंदू आधार धरायचा. पुढचे बिंदू एकेक करून तपासायचे आणि प्रत्येकाचे आधारापासूनचे अंतर मोजायचे. मर्यादेबाहेरचा पहिला बिंदू आला की थांबायचे आणि त्याच्या आधीचा शेवटचा बिंदू पाहायचा. आधार आणि तो बिंदू यांच्यात ठरलेल्या किमान वेळेइतका वेळ गेला असेल, तर थांबा नोंदवायचा आणि मर्यादेबाहेरचा बिंदू नवा आधार करायचा. तेवढा वेळ गेला नसेल, तर आधार एका बिंदूने पुढे सरकवायचा आणि पुन्हा तेच. अंतर काढताना अक्षांश आणि रेखांश यांना एकच माप लावून चालत नाही. पुण्याच्या अक्षांशावर एक अंश अक्षांश सुमारे 111 किलोमीटरचा असतो, पण एक अंश रेखांश साधारण 105 किलोमीटरचाच. शिवाय पृथ्वीच्या गोलाईचा विचार करणारे हॅवरसाइन हे सूत्र तयार मिळते, तेच वापरावे.

एक कल्पित सकाळ घेऊन हे पाहता येईल. कोणी दुचाकीवरून लक्ष्मी रोडजवळच्या दवाखान्यात जातो. अंतराची मर्यादा 150 मीटर आणि वेळेची 10 मिनिटे धरली आहे. 10:11 ची नोंद दवाखान्यापासून 300 मीटर लांबची आहे. 10:14 ला तो पोचलेला दिसतो. पुढे 10:17 आणि 10:22 च्या नोंदी पहिल्या बिंदूपासून 40 आणि 65 मीटरवर पडतात, कारण इमारतीत शिरल्यावर फोनची जागा थोडी डगमगते. मग 10:29 ला फोन अचानक 1,400 मीटर लांब दिसतो. 10:31, 10:38 आणि 10:52 ला तो पुन्हा दवाखान्याच्या 70 मीटरच्या आत असतो आणि 10:55 ला 420 मीटर दूर गेलेला असतो.

या नोंदी जशाच्या तशा कृतीला दिल्या तर काय होते? 10:14 ते 10:22 ही आठच मिनिटे होतात, म्हणून तो थांबा मोजला जात नाही. 10:31 ते 10:52 मात्र मोजला जातो आणि उत्तर येते 21 मिनिटे. एका भरकटलेल्या बिंदूने दवाखान्यातला निम्मा वेळ खाल्ला.

अशा वेळी बहुतेकांना आधी वेग तपासावासा वाटतो: दोन बिंदूंमध्ये अशक्य वेगाने प्रवास झालेला दिसला तर तो बिंदू टाकून द्यायचा. इथे तो उपाय फसतो. 10:22 ते 10:29 या सात मिनिटांत 1,400 मीटर म्हणजे ताशी 12 किलोमीटर, आणि परतीच्या दोन मिनिटांत ताशी 42. शहरातल्या दुचाकीला दोन्ही वेग सहज शक्य आहेत. चोर सापडतो तो `accuracy` मध्ये. त्या नोंदीचा आकडा 1,600 आहे, म्हणजे ती टॉवरवरून घेतलेली. तो बिंदू 1,400 मीटर दूर दिसत असला तरी त्याच्या वर्तुळात दवाखानाही येतो. त्यामुळे हिशेबाला लागण्यापूर्वी अचूकतेची चाळणी लावणे हेच पहिले काम. 150 मीटरचा थांबा शोधायचा असेल, तर त्याहून मोठी त्रिज्या असलेल्या नोंदी बाजूला काढाव्यात. त्या काढल्या की 10:14 ते 10:52 हा 38 मिनिटांचा सलग थांबा मिळतो.

ही 38 मिनिटेही नेमकी नाहीत. माणूस 10:11 ला पोचला नव्हता आणि 10:14 ला पोचला होता. तसाच तो 10:52 ला आत होता आणि 10:55 ला बाहेर. खरा वेळ त्यामुळे 38 ते 44 मिनिटांच्या मध्ये कुठेतरी आहे. प्रामाणिक उत्तर असे दोन टोकांचे असते. बिंदू मिनिटामिनिटाला असतील तर टोके जवळ येतात. बॅटरी वाचवण्यासाठी फोनने अर्ध्या तासाने एकच नोंद घेतली असेल, तर टोकांमध्ये तासाभराचाही फरक पडू शकतो. तो लपवून एकच आकडा छापणे ही या विषयातली सर्वांत सर्रास चूक आहे.

यातूनच रिकाम्या जागांचा प्रश्न येतो. फोन हलत नसला की नोंदी विरळ होतात. रात्री 10:40 ला घरी एक बिंदू आणि सकाळी 6:15 ला घरीच दुसरा, मध्ये काहीच नाही, हे नेहमीचे. दोन्ही टोके एकाच जागी असल्यामुळे वरची कृती साडेसात तास घराच्या नावे लिहिते. रात्री ते बहुधा बरोबरच असते. पण दुपारी फोन बंद पडला आणि माणूस बाहेर जाऊन आला, तरी कृती तेच लिहील. दोन टोके वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर मधला वेळ प्रवासाचा, पहिल्या ठिकाणाचा की दुसऱ्याचा, हे नोंदी सांगूच शकत नाहीत. एक तासाहून मोठी पोकळी दिसली की तो वेळ वेगळ्या रकान्यात, ‘अंदाजे’ किंवा ‘माहीत नाही’ म्हणून ठेवावा. दिवसाचे चोवीस तास सगळे भरलेच पाहिजेत असा हट्ट हिशेब बिघडवतो.

उलटी चूकही होते. कर्वे रोडवर बारा मिनिटांची कोंडी झाली आणि तेवढ्यात गाडी 140 मीटर सरकली, तर या मर्यादांप्रमाणे तो थांबाच ठरतो. तो खोटा आहे हे बिंदूंच्या क्रमावरून कळते. खऱ्या थांब्यात बिंदू एका केंद्राभोवती मागेपुढे पडतात. कोंडीत ते रस्त्याच्या रेषेवर एकाच दिशेने पुढे जातात, आणि पहिला व शेवटचा बिंदू थांब्याच्या दोन टोकांना असतात. वेळेची मर्यादा वाढवून 20 मिनिटे केली तर अशा बहुतेक कोंड्या गळतात, पण मग दूध घेण्यासाठी केलेले छोटे थांबेही गळतात. काय शोधायचे आहे त्यावर मर्यादा ठरवावी. कामाच्या ठिकाणचे तास मोजायचे तर मोठी चालते, दुकानांच्या फेऱ्या मोजायच्या तर लहानच हवी.

थांबे मिळाले तरी ठिकाणे मिळत नाहीत. एकाच कचेरीतले थांबे रोज दहा-वीस मीटर इकडेतिकडे पडतात, तेव्हा ते एकत्र आणावे लागतात. यासाठी 1996 ची डीबीस्कॅन ही पद्धत सर्रास वापरतात. ती एकमेकांजवळच्या बिंदूंचे पुंजके करते आणि पुंजके किती हे आधी सांगावे लागत नाही. तिचा दोष दाट बाजारपेठेत दिसतो. पहिल्या दुकानाजवळ दुसरे, दुसऱ्याजवळ तिसरे, असे करत लक्ष्मी रोडभर विखुरलेले थांबे एकच ‘ठिकाण’ होऊन बसतात. पुंजक्याचा विस्तार तीन-चारशे मीटरच्या पुढे गेलेला दिसला की अंतर कमी करून तेवढा भाग पुन्हा मोडावा. एका इमारतीत खाली बँक आणि वर क्लास असेल तर मात्र अक्षांश-रेखांशांवरून ते वेगळे करता येत नाहीत. तिथे वाराचा आणि घड्याळाचाच आधार घ्यावा लागतो.

गुगलच्या फाइलमध्ये थांब्यांचा तयार हिशेबही असतो. नव्या `Timeline.json` मध्ये तो `semanticSegments` खाली येतो आणि प्रत्येक भेटीसोबत संभाव्य ठिकाण व त्याची शक्यता दिलेली असते. तोही अंदाजच, पण ताडून पाहायला उपयोगी. आपला आणि तो हिशेब जिथे जुळत नाहीत, तिथल्या मूळ नोंदी उघडून पाहिल्या की दोष बहुधा लगेच दिसतो.

सर्वांत भरवशाची तपासणी मात्र स्वतःच्या आठवणीची किंवा कागदाची आहे. ज्या दिवसाची तिकिटे, पावत्या किंवा हजेरीची नोंद हाताशी आहे, असे दोन-तीन दिवस निवडून त्यांचे थांबे काढावेत. मग अंतराची मर्यादा 100, 150, 200 मीटर आणि वेळेची 5, 10, 20 मिनिटे अशी बदलून पाहावी. मर्यादा हलवल्या तरी घर आणि कचेरीचे तास जवळपास तेवढेच राहिले, तर त्यांच्यावर विसंबता येते. एखाद्या ठिकाणचा वेळ मर्यादेबरोबर दुप्पट-तिप्पट होत असेल, तर तो आकडा वापरू नये.

हे काम घरच्या संगणकावरच करावे आणि मूळ फाइल कुठल्याही अनोळखी संकेतस्थळावर चढवू नये. रात्री दोन ते पाच या वेळेतले थांबे एवढेच गोळा केले, तरी त्या फाइलमधून माणसाचे घर सापडते.