गैरसमज आणि वस्तुस्थिती : आधी वाटणी, मग वारसा

हिंदू उत्तराधिकार कायद्याचे पेपर तपासताना एक चूक हमखास सापडते. वडील वारले, मागे सहा वारस. विद्यार्थी सगळ्या मिळकतीचे सरळ सहा भाग करून मोकळा होतो. कधी उत्तर जुळतेही, पण रीत चुकलेली असते. ती का चुकते हे कळले की बाकीचे गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज : वडिलांकडून आले ते सगळे वडिलोपार्जित, त्यावर नातवाचा जन्मतः हक्क.

वस्तुस्थिती : जन्मतः हक्क असतो तो फक्त सहदायकीच्या, म्हणजे कोपार्सनरीच्या मिळकतीत. आजोबांनी स्वतःच्या पगारातून फ्लॅट घेतला आणि मृत्युपत्र न करता ते १९५६ नंतर वारले, तर कलम ८ नुसार तो वारसांकडे जातो. मुलाच्या वाट्याला आलेला भाग ही त्याची स्वतंत्र मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणात हेच सांगितले. मुलगा हयात असताना नातू त्यात वाटा मागू शकत नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हाच : मिळकत कोणत्या प्रकारची?

गैरसमज : सहदायकीची सगळी मिळकत वारसांत वाटली जाते.

वस्तुस्थिती : वारसांत वाटला जातो तो फक्त मयताचा हिस्सा, आणि तो किती हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी कायदा मृत्यूच्या क्षणापूर्वी वाटणी झाली असे मानतो. हीच कल्पित वाटणी. सर्वोच्च न्यायालयाचा गुरुपाद विरुद्ध हिराबाई (१९७८) हा निकाल यासाठी वहीत उतरवून घ्यावा असा आहे. त्या प्रकरणात वडील १९६० मध्ये वारले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली. महाराष्ट्रात पत्नी सहदायक नसते, पण पती आणि मुलांमध्ये वाटणी झाली की तिला मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणून कल्पित वाटणीत वडील, आई आणि दोन मुलगे अशा चौघांना प्रत्येकी १/४.

आता दुसरी पायरी. वडिलांचा १/४ सहा वारसांत वाटला की प्रत्येकाला १/२४. आई आणि मुलगे यांचा स्वतःचा १/४ त्यात मिळवला की प्रत्येकी ७/२४ होतात. मुलींच्या हाती मात्र प्रत्येकी १/२४ एवढेच. सरळ सहा भाग करणाऱ्याचे उत्तर इथे साफ चुकते.

गैरसमज : २००५ च्या दुरुस्तीचा लाभ मुलीला हवा असेल, तर त्या दिवशी वडील हयात असायला हवेत.

वस्तुस्थिती : ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगीही मुलासारखीच जन्माने सहदायक आहे. हा हक्क जन्माने येतो, म्हणून त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असे २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पूर्ण झालेल्या वाटण्या मात्र उकरून काढता येत नाहीत.

वरचेच कुटुंब घ्या आणि मृत्यू आज झाला असे धरा. कल्पित वाटणीत आता सात जण : वडील, आई, दोन मुलगे, तीन मुली. प्रत्येकी १/७. वडिलांचा १/७ सहा जणांत वाटला की प्रत्येकाला आणखी १/४२. बेरीज ७/४२, म्हणजे १/६. सरळ सहा भाग करणाऱ्याचे उत्तर इथे जुळले, पण केवळ योगायोगाने.

गैरसमज : मृत्युपत्राने वडील सगळे कोणालाही देऊ शकतात, किंवा सहदायकीतले काहीच देऊ शकत नाहीत.

वस्तुस्थिती : दोन्ही टोके चूक. कलम ३० नुसार सहदायकीतला स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, दुसऱ्यांचा नाही. आजच्या कुटुंबातल्या वडिलांनी ‘सर्व जमीन थोरल्याला’ असे लिहिले, तरी थोरल्याकडे जाईल तो वडिलांचा १/७. त्याचे एकूण २/७ होतील. बाकी पाच जणांचा १/७ जागच्या जागी राहील. आधी सरळ सहा भाग करून बसलेल्याला हे उत्तर कधीच येणार नाही.

स्वकष्टार्जित मिळकत मात्र हिंदू व्यक्ती पूर्णपणे परक्यालाही देऊ शकते.

मृत्युपत्र असो वा वारसा, दोन्ही लागू होतात ते मयताच्या हिश्श्यालाच. म्हणून उत्तरपत्रिकेत आधी मिळकतीचा प्रकार लिहा, मग कल्पित वाटणी करून मयताचा हिस्सा काढा. मृत्युपत्र आहे का, हा प्रश्न त्यानंतरचा.