गॅसचा सेन्सर तापावा का लागतो?

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा एमक्यू-६ हा सेन्सर स्वयंपाकाच्या गॅसची, म्हणजे एलपीजीची, गळती ओळखतो. शाळा-कॉलेजच्या प्रकल्पांत तो हमखास दिसतो. त्याच्या जाळीदार धातूच्या टोपीखाली एक बारीक चिनीमातीची नळी असते, तिच्यावर टिन डायऑक्साइडचा थर असतो आणि नळीच्या आत तारेचा हीटर. या जातीच्या सेन्सरचा पाया जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ च्या सुमारास घातला, तोही घरगुती गॅसच्या स्फोटांना आळा बसावा म्हणून.

टिन डायऑक्साइड थंड असताना जवळपास काहीच सांगत नाही. हीटर त्याला काहीशे अंशांपर्यंत तापवतो, तेव्हा हवेतला ऑक्सिजन त्याच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि पदार्थातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. इलेक्ट्रॉन अडकले की वीज वाहायला अडथळा वाढतो, म्हणून स्वच्छ हवेत सेन्सरचा रोध मोठा असतो. एलपीजीचे रेणू तिथे पोहोचले की ते या चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतात, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घसरतो. सेन्सर मोजतो तो एवढाच फरक. गॅस किती आहे हे त्याला थेट कळत नाही. रोध किती घसरला यावरून ते काढावे लागते.

तापवण्याची गरज दोन प्रकारची आहे. नवा किंवा बरेच दिवस पडून राहिलेला सेन्सर हवेतली वाफ आणि इतर वायू पृष्ठभागावर साठवून बसलेला असतो. ते जळून जायला वेळ लागतो, म्हणून त्याच्या माहितीपत्रकात मोजमापापूर्वी चोवीस तासांहून अधिक काळ तापवायला सांगितलेले असते. दुसरी गरज प्रत्येक वेळी वीज सुरू करताना येते. वीज लागताच गॅस असो वा नसो, रोध झपाट्याने खाली येतो आणि मग हळूहळू चढत स्थिर होतो. तोवरचे आकडे गॅस भरल्यासारखे दिसतात. कडेला आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगायला हवी. हीटरला ५ व्होल्टला सुमारे १५० मिलिअँपिअर लागतात. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या पिनेला एवढा प्रवाह झेपत नाही. हीटरला स्वतंत्र आणि स्थिर ५ व्होल्ट मिळाले नाहीत, तर सेन्सर पुरेसा तापतच नाही आणि आकडे येत राहिले तरी त्यांना अर्थ उरत नाही.

आता कॅलिब्रेशन. माहितीपत्रकानुसार १००० पीपीएम एलपीजीत, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग गॅस असताना, एमक्यू-६ चा रोध १० ते ६० किलोओहमच्या दरम्यान कुठेही असू शकतो. एकाच डब्यातले दोन सेन्सर सहापट वेगळे निघू शकतात. त्यामुळे प्रत्येक सेन्सरचा मूळ रोध, म्हणजे १००० पीपीएमला असणारा त्याचा स्वतःचा रोध, आधी शोधावा लागतो. आलेख या मूळ रोधाच्या पटीतच काढलेला असतो आणि स्वच्छ हवेत ती पट सुमारे दहा असते. म्हणून हौशी लोक स्वच्छ हवेतला रोध मोजून त्याला दहाने भागतात.

यात वेळेची चूक किती महागात पडते ते एका उदाहरणात पाहता येते. सेन्सरला २० किलोओहमचा रोधक जोडला आहे आणि पुरवठा ५ व्होल्टचा आहे. पूर्ण तापलेला सेन्सर स्वच्छ हवेत त्या रोधकावर ०.५ व्होल्ट देतो, असे धरले, तर त्याचा रोध १८० किलोओहम आणि मूळ रोध १८ किलोओहम. खोलीत १००० पीपीएम गॅस झाला की व्होल्टेज २.६ च्या आसपास पोहोचते आणि बझर वाजतो. आता समजा, हेच कॅलिब्रेशन वीज लावल्यावर पहिल्याच मिनिटात केले, जेव्हा सेन्सर २ व्होल्ट दाखवत होता. त्यावरून रोध ३० किलोओहम निघतो आणि मूळ रोध म्हणून ३ किलोओहम नोंदला जातो. सेन्सर पुढे नीट तापतो, पण उपकरणाच्या स्मृतीत चुकीचा आकडा कायम राहतो. बझर वाजण्यासाठी आता खरा रोध १८ वरून ३ किलोओहमपर्यंत घसरायला हवा. आलेखाचा उतार पुढे वाढवून पाहिला, तर त्यासाठी हवेत काही टक्के गॅस लागतो. एलपीजी हवेत सुमारे १.८ टक्के झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो. म्हणजे बझर वाजेल तो धोक्याची पातळी ओलांडून गेल्यावर. तोवर उपकरण दिव्याने ‘सर्व ठीक’ दाखवत राहते.

स्वच्छ हवेवरून केलेले कॅलिब्रेशन वेळ पाळूनही अंदाजेच असते, कारण ती दहाची पटसुद्धा प्रत्येक सेन्सरची नेमकी सारखी नसते. खऱ्या कॅलिब्रेशनला माहीत असलेल्या प्रमाणाचा गॅस लागतो. प्रयोगशाळेत १० लिटरच्या बंद पेटीत १० मिलिलिटर गॅस सोडला की १००० पीपीएमचे मिश्रण तयार होते आणि त्यात सेन्सरचा रोध प्रत्यक्ष मोजता येतो. लायटरमधला गॅस सेन्सरजवळ सोडून बझर वाजवून पाहणे म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. त्या झोताचे प्रमाण अवाच्या सवा असते आणि चुकीचा जुळवलेला सेन्सरही त्याला दाद देतो. ही परीक्षा म्हणून विशेष फसवी आहे.

एकदा नीट कॅलिब्रेट केले तरी काम संपत नाही. माहितीपत्रकातला आलेख साधारण २० अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेला काढलेला असतो. कोकणातल्या पावसाळी स्वयंपाकघरात आर्द्रता त्याहून कितीतरी जास्त असते आणि दमट हवेत रोध आपोआप घसरतो. मद्यार्काची वाफ, सॅनिटायझर, फोडणीचा धूर यांनाही हा सेन्सर प्रतिसाद देतो. खोट्या बझरला कंटाळून घरचे लोक तो बंद करतात, हा यातला खरा धोका. उलट दिशेचा बिघाड त्याहून वाईट. केसांचे सीरम किंवा खिडकीचे सीलंट यांतल्या सिलिकोनची वाफ पृष्ठभागावर बसून संवेदनशीलता मारून टाकते. हीटरची तार तुटली, तर रोध प्रचंड वाढतो आणि उपकरणाला ती अतिशय स्वच्छ हवा वाटते. मेलेला सेन्सर आणि गॅस नसलेली खोली यांत ते फरक करू शकत नाही.

प्रमाणित अलार्ममध्येही अनेकदा याच जातीचा सेन्सर असतो, तरीही तो वेगळा ठरतो. घरगुती अलार्मसाठीच्या ईएन ५०१९४ या युरोपीय मानकानुसार धोक्याच्या खालच्या मर्यादेच्या २० टक्क्यांपर्यंत पोहोचण्याआधी अलार्म वाजलाच पाहिजे आणि ३ टक्क्यांखाली वाजता कामा नये. एलपीजीसाठी हा वरचा आकडा सुमारे ३६०० पीपीएम येतो. कारखान्यात प्रत्येक नग ज्ञात गॅसवर जुळवला जातो. तापण्याच्या काळात तो वेगळा दिवा दाखवतो, सेन्सरची जोडणी तुटली तर बिघाडाचा इशारा देतो, आणि बदलण्याची मुदत त्याच्यावर छापलेली असते. तापमान, आर्द्रता, पुरवठ्यातला चढउतार आणि दीर्घकाळ वापर यांत त्याची चाचणी झालेली असते. हातजोडणीच्या उपकरणाची अशी चाचणी कोणीच केलेली नसते, आणि ती उणीव प्रोग्राममध्ये चार ओळी वाढवून भरून निघत नाही. म्हणून एमक्यू-६ चे उपकरण विद्युतशास्त्र शिकण्यासाठी वापरावे, झोपलेल्या घराच्या राखणीला नव्हे.

घरासाठी अलार्म घेताना मानकाचे चिन्ह, एलपीजीसाठीच असल्याचा उल्लेख आणि मुदतीची तारीख पाहावी. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत, साधारण फूटभर उंचीवर लावावा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, त्याचा अलार्म छताजवळ लागतो. अलार्म वाजला किंवा गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, कोणतेही बटण दाबू नये किंवा काढू नये, आणि बाहेर जाऊन १९०६ या एलपीजी आपत्कालीन क्रमांकावर फोन करावा.