गच्चीचे पहिले पाणी: नळी किती लांब हवी?

इंदुरात आपल्यापैकी बऱ्याच घरांत गच्चीचे पावसाचे पाणी जमिनीखालच्या टाकीत घेतात. उन्हाळाभर गच्चीवर साठलेली धूळ, निंबाचा पाला आणि कबुतरांची घाण टाकीत जाऊ नये म्हणून सुरुवातीचे पाणी वेगळे अडवणारी उभी नळी, म्हणजे ‘फर्स्ट फ्लश’, पाइपाला जोडतात. तरीही टाकीच्या तळाशी गाळ दिसतो. बहुतेक वेळा चूक एकच असते, नळी फार लहान असते.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर १ मिमी पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. साधारण धुळीच्या गच्चीचे पहिले १ मिमी पाणी सोडावे; झाडे व पक्षी जास्त असतील तर २ मिमी.

समजा गच्ची १२ बाय १० मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर आहे आणि पाणी दोन पाइपांनी खाली येते. प्रत्येक पाइपाच्या वाट्याला ६० चौरस मीटर, म्हणून प्रत्येकाला ६० लिटरची नळी हवी. चार इंची (११० मिमी) पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण साडेआठ लिटर मावतात. नेहमी बसवतात तो मीटरभर तुकडा त्यामुळे गरजेच्या सातव्या हिश्शाइतकाच पुरतो. सहा इंची (१६० मिमी) पाइपात मीटरला सुमारे १८ लिटर बसतात, म्हणून साडेतीन मीटर लांबी पुरेशी होते. दुमजली घराच्या भिंतीला ती सहज उभी राहते. नळी भरली की आतला तरंगता चेंडू वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचे पाणी टाकीकडे वळते.

तळाच्या झाकणाला २ मिमीचे छिद्र ठेवा. पाऊस थांबल्यावर त्यातून नळी दोन-अडीच तासांत रिकामी होते आणि पुढच्या सरीसाठी तयार राहते. छिद्र मोठे केले तर चांगले पाणीही वाहत राहते. गाळाने ते बुजले तर नळी भरलेलीच राहते आणि पुढच्या पावसाची सगळी घाण थेट टाकीत जाते. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी नळीवर टिचकी मारा. आवाज भरीव आला तर छिद्र बुजले आहे. झाकण फिरवून उघडा आणि गाळ काढा.

पाणी फुकट जाते, असे काहींना वाटते. पावसाळ्यात नळी चाळीस वेळा भरून रिकामी झाली, तरी जाते ते ४० मिमी. इंदुरात साधारण ९०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो.

मृगाच्या पहिल्या सरी मात्र हलक्या असतात. त्यांनी गच्ची नुसती भिजते, धुतली जात नाही. म्हणून पहिल्या जोरदार पावसापर्यंत झाकण पूर्ण उघडे ठेवा. नळीने घाण कमी होते, पण जंतू मरत नाहीत. प्यायचे असेल तर पाणी गाळून उकळाच.