मण्याचा उशीर

डिझेल इंजिनच्या टेस्ट बेंचवर एक्झॉस्टचं तापमान बघण्यासाठी पाइपात थर्मोकपल घातलेलं असतं. क्रोमेल आणि अल्युमेल या दोन तारांची टोकं वितळवून जोडली की तिथे धातूचा एक बारीक मणी तयार होतो. स्क्रीनवर दिसतं ते या मण्याचं तापमान. वायूचं तापमान त्याच्यापेक्षा वेगळं असू शकतं, आणि लोड बदलत असताना ते वेगळं असतंच.

समजा, लोड एकदम वाढवला आणि वायू २५० अंशांवरून क्षणात ४५० अंशांवर गेला. मणी तापायला उष्णता हवी, ती वाहत्या वायूकडूनच येणार, आणि दोघांतला फरक कमी होत जाईल तसा तिचा ओघही मंदावणार. फरकाचा ६३ टक्के भाग भरून काढायला लागणारा वेळ म्हणजे त्या मण्याचा टाइम कॉन्स्टंट. १ मिलिमीटर व्यासाचा मणी आणि सेकंदाला १० मीटर वेगाने जाणारा वायू धरला, तर हिशेबाने तो साधारण दीड सेकंद येतो. म्हणजे दीड सेकंदाने स्क्रीनवर दिसतील ३७६ अंश, तीन सेकंदांनी ४२३.

मणी पाव मिलिमीटरचा केला तर हाच काळ दीड सेकंदाच्या जवळपास दहाव्या हिश्शावर येतो. व्यास चौथा हिस्साच झालेला असतो, पण लहान मण्याभोवतीचा वायूचा संथ थरही पातळ असतो, त्यामुळे उष्णता अधिक जोमाने आत शिरते. वायूचा वेग वाढला तरी तो थर पातळच होतो. म्हणून कॅटलॉगमधला आकडा आपल्या पाइपात जसाच्या तसा लागू पडत नाही. तो पाण्यात मोजलेला असेल, तर वायूत मणी त्याहून कितीतरी मंद निघतो.

खरी फसगत पुढे आहे. १५०० आरपीएमवर चालणाऱ्या फोर-स्ट्रोक, एक सिलिंडरच्या इंजिनचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सेकंदाला साडेबारा वेळा उघडतो. प्रत्येक वेळी वायूचं तापमान सरासरीच्या वर-खाली १५० अंश हललं, तरी १ मिलिमीटरचा मणी जेमतेम सव्वा अंश हलतो. स्क्रीनवरची रेघ इतकी शांत दिसते, की पाइपात काही घडतच नाही असं वाटावं. शिवाय ती रेघ खऱ्या सरासरीवरही नसते. गरम झोत वेगाने येतो तेव्हा मणी झपाट्याने उष्णता घेतो. झोत सरल्यावर वायू जवळजवळ थांबतो, तेव्हा तो ती सावकाश सोडतो. परिणामी रीडिंग वरच्या बाजूला झुकतं.

उशीर गणिताने भरून काढता येतो. मण्याचं रीडिंग ३७६ असताना ते सेकंदाला ४९ अंशांनी चढत असेल, तर ४९ ला दीडने गुणून मिळवायचं. वायूचे साधारण ४५० अंश परत हाती येतात. पण चढण्याचा वेग काढताना सिग्नलमधली बारीकसारीक थरथरही तितकीच फुगते. दीड सेकंद हा आकडाही प्रत्येक झोताबरोबर बदलत असतो. म्हणून झोतांचं तापमान शोधणारे दोन वेगवेगळ्या व्यासांची थर्मोकपलं शेजारी-शेजारी बसवतात आणि दोघांच्या रीडिंगमधल्या फरकावरून त्या-त्या क्षणाचा टाइम कॉन्स्टंट काढतात. तार अगदी बारीक घेतली तर दुरुस्ती कमी लागते, पण एक्झॉस्टच्या माऱ्यात ती फार दिवस टिकत नाही.