नळ चालू, टाकी तशीच

मे महिन्यातलं नागपूर. दुपारी चार वाजता आईने फोन चार्जरला लावला आणि टोरांटोतल्या ताईला व्हिडिओ कॉल लावला. तेव्हा बॅटरी 34 टक्के होती. पहिल्या पाव तासात ती 40 वर गेली. पुढचा पाऊण तास मात्र आकडा जागचा हलेना. कॉल संपला तेव्हा 41.

"चार्जर बिघडला वाटतं रे. नवा घेऊन ये," आई म्हणाली.

चार्जर बिघडलेला नव्हता. माझ्याकडे बोटाएवढा एक मीटर आहे. तो चार्जर आणि केबलच्या मध्ये लावला, की फोन चार्जरकडून किती वीज घेतोय ते वॉटमध्ये दिसतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तो लावून बसलो, आणि तासाभरात त्या छोट्या पडद्यावर जे दिसलं ते बघून मी थक्कच झालो.

आधी साधा हिशेब मांडू. शाळेत नळ-टाकीचं गणित असायचं: एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तर टाकी किती वेळात भरेल? इथली टाकी म्हणजे आईच्या फोनची 5000 एमएएचची बॅटरी. तिचा सरासरी दाब 3.85 व्होल्ट धरला, तर तिच्यात साधारण 19 वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे 19 वॉट दराने बरोबर एक तास पुरेल एवढी. चार्जर जुना, 10 वॉटचा. वाटेत केबल आणि चार्जिंगची चिप थोडी वीज गरम होण्यात घालवतात, तरी साडेआठ वॉट आत पोहोचतात असं धरू. पडदा बंद करून फोन नुसता पडून असेल, तर तासाला 44-45 टक्के भरायला हवेत. भरतातही.

आता दुसरा नळ. चार्जर न लावता आई तासभर व्हिडिओ कॉलवर बोलली, तेव्हा बॅटरी 18 टक्क्यांनी उतरली. 19 वॉट-तासांचे 18 टक्के म्हणजे जवळपास साडेतीन. व्हिडिओ कॉलचा खर्च साडेतीन वॉट! पडदा सतत उजळलेला, कॅमेरा चालू, आईचं चित्र क्षणाक्षणाला आवळून पाठवायचं, ताईचं आलेलं चित्र उलगडायचं, आणि हे सगळं रेडिओलहरींवरून. त्यात घरातल्या ज्या कोपऱ्यात रेंज कमी, तिथे टॉवरपर्यंत पोहोचायला फोनला जास्त जोर लावावा लागतो. मोठे गेम याच्याही पुढे जातात. तिथे चित्रं रंगवणारा प्रोसेसर एकसारखा राबतो आणि खर्च पाच वॉटच्या आसपास जाऊ शकतो.

शाळेतल्या गणितात एक बदल मात्र करायला हवा. चार्जर लावलेला असताना वीज आधी बॅटरीत जाऊन मग फोनला मिळते, असं सहसा होत नाही. चार्जिंगची चिप आधी फोनची गरज भागवते आणि उरलं तर बॅटरीला देते. म्हणजे मुख्य पाइपातलं पाणी आधी घरातल्या नळांना, राहिलेलं टाकीत. आणि घराची गरज पाइपापेक्षा मोठी असेल, तर टाकीतूनही काढलं जातं. लॅपटॉपच्या साध्या यूएसबी पोर्टमधून अडीच वॉटच मिळतात. त्यावर फोन लावून व्हिडिओ कॉल केला, तर चार्जिंगचं चिन्ह झळकत असतानाच टक्के उतरतात. चिन्ह खरंच बोलत असतं, वीज येतेच आहे. ती पुरत नाही, एवढंच.

पण या हिशेबाने आईचं कोडं सुटत नाही. साडेआठ वजा साडेतीन, उरले पाच वॉट. म्हणजे तासाला 26 टक्के भरायला हवेत. पहिल्या पाव तासात सहा टक्के भरले, ते याच दराने. मग पुढे काय झालं?

ते मीटरने दाखवलं. कॉल सुरू झाला तेव्हा आकडा साडेनऊ वॉट होता. दहा-बारा मिनिटांनी फोनची पाठ चांगलीच तापली आणि आकडा उतरू लागला. आठ, साडेसहा, पाच, आणि शेवटी सव्वाचारवर येऊन थांबला. चार्जर तोच, केबल तीच. फोननेच तोंड आवळून घेतलं होतं. सव्वाचारातून आत पोहोचतात जेमतेम पावणेचार. साडेतीन कॉलला गेले, बॅटरीच्या वाट्याला उरला पाव वॉट. तासाला दीड टक्का!

ऐन गरजेच्या वेळी फोन कमी का घेतो? कारण उष्णतेत भरणं लिथियम-आयन बॅटरीला मानवत नाही. भरताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. ग्रॅफाइटवर एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो. बॅटरी तापली की तो भराभर जाड होतो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. टाकीच आतून लहान होत जाते. म्हणून अशी बॅटरी साधारणपणे 0 ते 45 अंश सेल्सिअसच्या दरम्यानच भरावी असा दंडक आहे, आणि चाळिशीच्या आसपासच बरेच फोन हात आखडता घेऊ लागतात. चार्जिंगची स्वतःची उष्णताही असतेच. प्रवाह दुप्पट केला, तर बॅटरीच्या अंतर्गत रोधात निर्माण होणारी उष्णता चौपट होते. प्रवाह कमी करणं हा तापावरचा सगळ्यात जवळचा उतारा.

इथेच नागपूरचा मे आडवा येतो. फोनमध्ये सहसा पंखा नसतो, उष्णता पाठीतून हवेत जाते. ती किती वेगाने जाईल, हे पाठ आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. समजा, फोन पाठीचं तापमान 43 अंशांपुढे जाऊ देत नाही. खोलीत 38 असेल, तर फरक फक्त 5 अंशांचा. जानेवारीत खोली 23 अंशांवर असते तेव्हा तोच फरक 20. म्हणजे तोच फोन हिवाळ्यात ढोबळमानाने चौपट उष्णता टाकू शकतो. एकच कॉल, एकच चार्जर, पण ऋतू बदलला की टक्के बदलतात.

मोठा, 33 वॉटचा चार्जर आणला तरी ही अडचण सुटत नाही. पाइप रुंद होतो, पण झाकण उष्णतेच्याच हातात. शिवाय पडदा चालू असताना पुष्कळ फोन मुद्दामच वेगवान चार्जिंग मर्यादित ठेवतात. गेमसाठी बनवलेल्या काही फोनमध्ये वेगळी सोय असते: चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला. टक्के वाढत नाहीत, पण बॅटरीही तापत नाही.

चार्जर खराब आहे की ताप आडवा आलाय, हे मीटरशिवायही ओळखता येतं. फोन गार असताना, पडदा बंद ठेवून अर्धा तास चार्ज करा. टक्के भराभर चढले, तर चार्जर-केबल ठीक. तेव्हाही रखडले, तर मात्र त्यांच्यावर संशय घ्यावा. बारीक, लांब केबल वाटेतच बरीच वीज खाते. एक अपवाद लक्षात ठेवायचा: 80 टक्क्यांपुढे प्रवाह तसाही हळूहळू कमी केला जातो, म्हणून ही परीक्षा बॅटरी निम्मी असताना करावी.

मी फोनचं जाड कव्हर काढलं आणि आईला कूलरसमोर बसवलं. पाचेक मिनिटांत मीटरचा आकडा हलला. पाच, साडेसहा, आठ. अर्ध्या तासात 41 चे 50 झाले.

"आई, वाऱ्याचा केवढा आवाज येतोय!" पलीकडून ताई ओरडली.

"येऊ दे," आई म्हणाली. "फोनला उकडतंय."